गोल टोकांच्या टाकीत पाणी किती मावते? – लागणीच्या नियोजनासाठी हिशोब

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



रोपाने ऊस लावणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ट्रॉलीवर बसवलेली पाण्याची टाकीही गावोगाव दिसू लागली आहे. विहिरीला पाणी कमी, पाइपलाइन शेताच्या टोकापर्यंत गेलेली नाही, अशा ठिकाणी रोप लावले की त्याच्या बुडाशी टाकीतून पाणी देतात. आपल्या एका सभासदाने यासाठी भंगारातून जुनी लोखंडी टाकी घेतली. मधे सरळ नळकांडे आणि दोन्ही टोकांना अर्ध्या चेंडूसारखी टोपणे. विकणाऱ्याने सांगितले, "चार हजार लिटरची आहे." सभासदाने टेप लावला, हिशोब केला, तर ४०६९ लिटर आले. त्या भरवशावर तीन एकरांची लागण दोन खेपांत उरकायचे ठरले.

साडेचार फुटी सरी आणि दोन रोपांत दोन फूट अंतर धरले तर एकरी ४८४० रोपे बसतात. तीन एकरांना १४५२० रोपे, दर रोपाला अर्धा लिटर, म्हणजे ७२६० लिटर पाणी. दोन खेपांत ८१३८ लिटर येणार, मग चिंता कसली? प्रत्यक्षात दुसरी टाकी संपली तेव्हा चार गुंठ्यांच्या वर रोपे कोरडी राहिली होती. पाण्याची जागा लांब. तिसरी खेप येईपर्यंत उन्हाने माना टाकलेली रोपे पुन्हा सावरतीलच असे नाही.

पाणी कुठे सांडले नव्हते. चूक हिशोबात होती, आणि अशी चूक अनेकांकडून होते म्हणून ती येथे सविस्तर देत आहे.

या टाकीचा आतला व्यास १ मीटर २० सेंमी. एका टोपणाच्या शेंड्यापासून दुसऱ्या टोपणाच्या शेंड्यापर्यंत आतली लांबी ३ मीटर ६० सेंमी. सभासदाने काय केले, तर सगळी टाकी सरळ नळकांडे धरली. त्रिज्या ०.६ मीटर, तिचा वर्ग ०.३६, त्याला ३.१४ ने गुणले की टाकीच्या तोंडाचे क्षेत्रफळ १.१३०४ चौरस मीटर. त्याला ३.६ मीटर लांबीने गुणले की ४.०६९ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, म्हणून ४०६९ लिटर. गुणाकार बरोबर आहे. पण टोपणे शेंड्याकडे निमुळती होतात, तिथे नळकांड्याइतकी जागा नसते.

शाळेत शिकलेली रीत अशी: सरळ भागाचे घनफळ वेगळे काढायचे आणि दोन अर्धगोल जुळवून एक पूर्ण गोल धरायचा. सरळ भागाची लांबी म्हणजे ३.६ मीटरमधून दोन्ही टोपणांची खोली, ०.६ अधिक ०.६, वजा केली की २.४ मीटर. १.१३०४ गुणिले २.४ म्हणजे २७१३ लिटर. गोलाचे घनफळ म्हणजे त्रिज्येचा घन गुणिले ३.१४ गुणिले चार तृतीयांश, ०.६ चा घन ०.२१६, त्यावरून ९०४ लिटर. दोन्ही मिळून ३६१७ लिटर. म्हणजे सभासदाच्या हिशोबात ४५२ लिटर पाणी नुसते कागदावर होते.

ही रीत बरोबर आहे, पण शेतावर तिची एक अडचण येते. सरळ भाग कुठे संपला आणि टोपण कुठे सुरू झाले हे बाहेरून नक्की कळत नाही. वेल्डिंगचा जोड दिसतो खरा, पण टोपणाला पुष्कळदा काही सेंटिमीटर सरळ कड असते आणि जोड त्या कडेवर असतो. म्हणून मी सभासदांना दुसरी, सोपी रीत सांगतो. टाकीच्या पूर्ण लांबीतून व्यासाचा तिसरा हिस्सा वजा करा, आणि उरलेली लांबी सरळ नळकांड्याची आहे असे धरून हिशोब करा. येथे व्यास १.२० मीटर, त्याचा तिसरा हिस्सा ०.४० मीटर. ३.६० मधून ०.४० गेले, राहिले ३.२०. १.१३०४ गुणिले ३.२० म्हणजे ३६१७ लिटर. उत्तर तेच, आणि जोड शोधत बसावे लागले नाही.

हे असे का जमते? चेंडू जेमतेम मावेल अशा डब्यात चेंडू ठेवला तर तो डब्याची दोन तृतीयांश जागा व्यापतो, हे आर्किमिडीज नावाच्या ग्रीक पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. टोपणांचेही तेच. दोन टोपणांनी मिळून एका व्यासाइतकी लांबी खाल्ली, पण पाणी मावते त्याच्या दोन तृतीयांशच. उरलेला एक तृतीयांश आपण आधीच वजा करतो, इतकेच.

मात्र टोपण खरोखर अर्धगोल आहे ना, हे आधी बघा. अर्धगोल असेल तर त्याची खोली व्यासाच्या बरोबर निम्मी भरते. पुष्कळ टाक्यांची टोपणे चपटी, परातीसारखी असतात. अशा वेळी व्यासाचा तिसरा हिस्सा वजा केला तर टाकी उगाच लहान ठरेल. तेथे एका टोपणाची खोली मोजा आणि तिच्या दोन तृतीयांश एवढेच पूर्ण लांबीतून वजा करा. चपट्या टोपणाला हा हिशोब थोडाफार मागेपुढे होतो, पण आपल्या कामाला चालतो.

आता मापे कशी घ्यावीत. व्यास सरळ मोजता येत नाही, म्हणून टाकीच्या पोटाभोवती टेप गुंडाळून घेर घ्या आणि ३.१४ ने भागा. वरील टाकीचा घेर ३ मीटर ८० सेंमी भरला, भागाकार १ मीटर २१ सेंमी. हा बाहेरचा व्यास झाला. पत्रा ५ मिलिमीटरचा, तो दोन्ही बाजूंनी, म्हणजे १ सेंमी वजा करून आतला व्यास १ मीटर २० सेंमी. हा एक सेंटिमीटर सोडून देऊ नका. बाहेरच्याच मापांवर हिशोब केला तर ६०-७० लिटर जास्त दिसतात. लांबीसाठी फुगवट्यावरून टेप नेऊ नका, वळणाचे माप जास्त येते. दोन्ही शेंड्यांना टेकेल असा ओळंबा सोडा, जमिनीवर दोन खुणा करा आणि त्यांच्यातले सरळ अंतर मोजा. त्यातूनही पत्र्याची जाडी वजा करा. ज्यांना फुटांचाच सराव आहे त्यांनी सगळी मापे फुटांत घ्यावीत आणि आलेल्या घनफुटांना २८.३ ने गुणावे, लिटर मिळतील. अर्धी मापे फुटांत आणि अर्धी मीटरमध्ये असे मात्र करू नये.

३६१७ लिटर ही टाकी मावण्याची झाली, हाती येणारे पाणी त्याहून कमी. या टाकीचा कॉक तळापासून ६ सेंमी वर बसवलेला आहे, त्याखालचे सुमारे ५७ लिटर पाणी निघत नाही. वरही हिंदकळून सांडू नये म्हणून तेवढीच ६ सेंमी जागा सोडावी लागते, म्हणजे आणखी ५७ लिटर गेले. राहिले ३५०३ लिटर. अर्ध्या लिटरप्रमाणे एका खेपेत सात हजार रोपे. दोन खेपांत चौदा हजार, आणि रोपे तर साडेचौदा हजार. पाचशेच्या वर रोपे कोरडी का राहिली हे आता कळले असेल. तळाचा कॉक काढून अगदी बुडाला बसवला तरी ही तूट भरून निघत नाही, म्हणून त्या खर्चात न पडता तिसरी अर्धी खेप धरणेच बरे.

टाकीत औषध किंवा विद्राव्य खत मिसळणाऱ्यांनी हा हिशोब आणखी जपून करावा. चार हजार लिटरचे औषध ३६०० लिटरमध्ये पडले तर द्रावण दहा टक्क्यांच्या वर कडक होते.

यापुढचा घोटाळा काठीचा. टाकी आडवी असल्यामुळे उंची आणि पाणी सारख्या प्रमाणात चढत नाही. निम्म्या उंचीला, ६० सेंमीला, निम्मे पाणी असते, तेवढे एकच माप सरळ आहे. पण ३० सेंमीला पाव टाकी, म्हणजे ९०४ लिटर, असेल असे समजाल तर फसाल. तेथे ६७२ लिटरच असतात, आणि कॉकखालचे सोडले तर ६१५. म्हणजे पाव टाकी आहे म्हणून अठराशे रोपांची सरी धरली, तर बाराशे रोपांतच कॉक कोरडा पडतो. १२ सेंमीवर तर जेमतेम १६७ लिटर. वरच्या बाजूला याच्या उलट होते: ९० सेंमीला पाऊण टाकीपेक्षा जास्त, २९४५ लिटर असतात. तळाचा आणि माथ्याचा भाग अरुंद, पोट रुंद, म्हणून हे असे होते.

मधल्या उंचीचे गणित लांबलचक आहे, त्यात पडण्याची गरज नाही. टाकी सपाट जागेवर उभी करा, एक सरळ बांबूची काठी घ्या. दोनशे लिटरच्या पिंपात दहा-दहा लिटरच्या बादलीने वीस बादल्या ओतून पाण्याच्या रेघेवर खूण करा; पिंप काठोकाठ भरला तर दोनशेच्या थोडे वर बसते. मग त्या खुणेपर्यंत भरून एकेक पिंप टाकीत ओता आणि दर वेळी काठी तळापर्यंत उभी बुडवून ओली रेघ कोरा. अठरा पिंपांत टाकी भरेल. रेघा तळाशी आणि माथ्याशी लांब-लांब, मधे जवळ-जवळ पडल्या की काठी बरोबर झाली समजा. काठी घालायचे भोक टाकीच्या लांबीच्या मध्यावर असावे. टोकाशी असेल तर ट्रॉली जरा उताराला उभी राहिली की माप पार बदलते.

ट्रॉलीचाही विचार हवा. ३६०० लिटर पाणी म्हणजे ३.६ टन, आणि या टाकीचे लोखंडच अर्ध्या टनाच्या वर. अर्धी भरलेली टाकी उतारावर पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षाही जास्त ओढते, कारण आतले पाणी एकदम पुढे धावते. तेव्हा रस्त्याने नेताना ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न्यावी. आणि टाकी भंगारातली असेल तर पूर्वी तिच्यात काय होते हे विचारल्याशिवाय कॉक बसवायला वेल्डरकडे नेऊ नका. खरी अर्धगोल टोपणे पुष्कळदा वायूच्या टाकीला असतात, आणि आत राहिलेल्या वाफेने वेल्डिंग करताना स्फोट होतो. अशा टाकीतले पाणी माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी वापरू नये.

ज्यांना हिशोब तपासून हवा आहे त्यांनी घेर, पूर्ण लांबी, पत्र्याची जाडी, टोपणाची खोली आणि कॉकची उंची ही पाच मापे कागदावर लिहून गट ऑफिसला चिटबॉयकडे द्यावीत.