पत्रकाचा फोटो, पुन्हा केलेला हिशोब आणि कार्यालयाला पत्र

माझी एक माजी विद्यार्थिनी आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा ती मोबाईल घेऊन घरी आली. "बाई, माझी शिष्यवृत्ती मैत्रिणीपेक्षा कमी लागलीय. दोघींचा कोर्स एकच, दोघी घरूनच ये-जा करतो." मोबाईलमध्ये नोटीस बोर्डावरच्या शिष्यवृत्ती पत्रकाचा फोटो होता. जरा तिरका, काचेवर उजेड पडलेला.

तिच्या ओळीत असे दिसत होते: निर्वाह भत्ता दरमहा ३८० रु., महिने १०, एकूण भत्ता ३३००, परीक्षा शुल्क ६४०, एकूण देय ३९४०, पहिला हप्ता २२००, बाकी १७४०.

आधी फोटोवर शंका घ्या

३८० गुणिले १० म्हणजे ३८००. पत्रकात मात्र ३३००. लगेच पत्र लिहायला बसायचे का? नाही. पत्रक इंग्रजी अंकांत होते, आणि इंग्रजी तीन नि आठ धूसर फोटोत सारखेच दिसतात. कदाचित कागदावर ३८०० च असेल आणि आपणच चुकीचे वाचत असू.

हे ठरवायला त्याच ओळीतली बेरीज उपयोगी पडते. ३३०० + ६४० = ३९४०, आणि पत्रकातही ३९४० च आहे. कागदावर ३८०० असते तर एकूण ४४४० आले असते. म्हणजे आपण बरोबर वाचले, चूक कागदावरच आहे. तरी मी तिला दुसऱ्या दिवशी मूळ पत्रक डोळ्यांनी बघून यायला सांगितले. तिथेही ३३०० च होते.

मग उभी बेरीज बघा

त्या पानावर पाच मुली होत्या. सगळ्यांचा दर ३८० आणि महिने १०. बाकी चौघींपुढे ३८०० होते. चौघींचे १५२०० आणि हिचे ३३०० मिळून १८५०० होतात. पानाच्या तळाला भत्त्याची बेरीज १८५०० च होती. म्हणजे चुकीचा आकडा तळाच्या बेरजेतही गेला होता. तळाला १९००० असते तर फक्त तिच्या ओळीत लिहिताना चूक झाली असे म्हणता आले असते. म्हणून पत्रात ओळ आणि बेरीज दोन्ही दुरुस्त करायला सांगायचे.

बरोबर हिशोब असा: ३८०० + ६४० = ४४४०, वजा पहिला हप्ता २२००, बाकी २२४०. फरक ५०० रुपयांचा. तिच्यासाठी तो एसटीच्या पासचा खर्च आहे. पासबुक भरून आणले, तर दुसरा हप्ता अजून जमा झालेला नव्हता. म्हणजे दुरुस्तीला वेळ होता.

एक शक्यता उरते. काही कारणाने भत्ता कमी धरलाही असेल. पण तसे असते तर महिने किंवा दर कमी दिसले असते. ते पूर्ण आहेत. तरीही पत्रात "तुम्ही चुकलात" न म्हणता तपासणीची विनंती करायची.

पत्र

प्रति,
मा. प्राचार्य (शिष्यवृत्ती विभाग)

विषय: शिष्यवृत्ती पत्रकातील रकमेची दुरुस्ती होणेबाबत
संदर्भ: दि. ____ रोजी लावलेले पत्रक, पान ____, अ. क्र. ____

महोदय,
मी आपल्या महाविद्यालयात प्रथम वर्ष कला वर्गात शिकते. वरील पत्रकात माझा निर्वाह भत्ता दरमहा ३८० रु. व महिने १० असे नमूद आहे. त्याप्रमाणे भत्ता ३८०० रु. होतो, परंतु पत्रकात ३३०० रु. लिहिला आहे. त्यामुळे एकूण देय ४४४० ऐवजी ३९४० आणि बाकी २२४० ऐवजी १७४० आली आहे. पानाच्या तळाच्या बेरजेतही ५०० रु. चा फरक दिसतो.

दुसरा हप्ता अद्याप खात्यात जमा झालेला नाही. तरी कृपया मूळ नोंद तपासून रक्कम दुरुस्त करावी. कपात केली असल्यास कारण लेखी कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, हजेरी क्रमांक)
सोबत: पत्रकातील माझ्या ओळीची प्रत, पासबुकाच्या पानाची झेरॉक्स

देताना

फोटोत इतर मुलींची नावे आणि रकमा असतात. सोबत जोडताना आपली ओळ, वरचे मथळे आणि तळाची बेरीज एवढेच ठेवा, बाकी झाका. पत्राच्या दोन प्रती काढा. एक कार्यालयाला द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. ही पोहोच नसेल तर पंधरा दिवसांनी विचारायला गेल्यावर "पत्रच मिळाले नाही" ऐकावे लागते.

पाचवीच्या वर्गात हेच पत्रक मी खोटी नावे घालून फळ्यावर मांडले. मुलांनी गुणाकार पटकन केला, पण ३३०० की ३८०० हे आडव्या बेरजेने ठरवताना ती जरा थांबली. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आठ असता तर पुढचं जुळलं नसतं!"