भाषणाचे बीजवाक्य

भाषणाचा विषय आणि भाषणाचे बीजवाक्य यांत गल्लत होऊ देऊ नये. ‘अण्णा भाऊ साठे यांचे जीवनकार्य’ हा केवळ विषय झाला. त्यात विधान नाही, म्हणून ते कोणी मान्य वा अमान्य करू शकत नाही. याउलट, २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णा भाऊंनी सांगितले, की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे, तर दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे. पूर्वार्ध श्रोत्यांच्या मनातील जुनी प्रतिमा पुसतो आणि उत्तरार्ध त्या जागी तळहात ठेवतो.

हेच बीजवाक्य घेऊन जयंतीचे भाषण लिहायचे असल्यास प्रत्येक परिच्छेदाअखेर ‘म्हणून’ लिहून ते वाक्य जोडून पाहावे. जन्मगाव वाटेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. ही माहिती खरी, परंतु येथे ‘म्हणून’ अडखळतो. ती एका उपवाक्यात आटोपावी. मुंबईच्या गिरणीतील मजुरीचा परिच्छेद सहज जोडला जातो. शालेय शिक्षण जवळजवळ न लाभल्याची हकीकत मात्र अवघड आहे: ती नुसती करुणा जागवीत असेल तर निसटते, श्रमांतूनच त्यांची भाषा कशी घडली हे दाखवीत असेल तर टिकते.