नगरला येण्याआधी शाळेचं बघ

अगं, आनंदरावांची बदली नगरला झाली आणि तू लगेच केंद्रीय विद्यालयाचं मनात घेतलंस. फी कमी, पुढं कुठंही बदली झाली तरी अभ्यासक्रम तोच, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. पण आधी मुक्ताची जन्मतारीख समोर घे, 14 ऑगस्ट 2019.

आपल्या राज्यात पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणून मुक्ता जून 2025 मध्ये नाशकात पहिलीत बसली. केंद्रीय विद्यालय मात्र 31 मार्च धरतं. 31 मार्च 2026 ला ती सहा वर्षं सात महिन्यांची भरते आणि तिथं दुसरीसाठी सात पूर्ण हवीत. म्हणजे तिला पुन्हा पहिलीत बसावं लागेल, तेही जागा मिळाली तर. एप्रिल ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या सगळ्याच मुलांची अशी अडचण होते. वाचायला-लिहायला लागलेल्या पोरीला पुन्हा मुळाक्षरांपाशी बसवू नकोस, असं मला मनापासून वाटतं.

जागेचंही ऐक. पहिला मान केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांचा, त्यात लष्करातले आले, आणि नगर म्हणजे लष्कराचं मोठं ठाणं. आनंदरावांसारखे सरकारी बँकेतले त्यांच्यानंतरच्या गटात. गेल्या सात वर्षांत किती बदल्या झाल्या तेही बघतात, त्याचं पत्र बँकेतून आणावं लागतं. दुसरीपासून पुढं तर वर्गात जागा रिकामी असली तरच प्रवेश.

म्हणून माझं मत, तिला राज्य मंडळाच्या चांगल्या अनुदानित शाळेत सरळ दुसरीत घाल. सीबीएसईच हवं असेल तर खासगी शाळा बघ, पण फीच्या आधी त्यांची वयाची मानीव तारीख विचार. मंडळ बदलायची घाई आत्ता नाही. फक्त ते नववीच्या आत बदललेलं बरं, कारण सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते.

आता दाखला. आरटीई कायद्यात जुन्या शाळेनं तो लगेच द्यायचा असतो आणि उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कुणी ‘आधी दाखला, मग बघू’ म्हणालं तर हे शांतपणे सांग. मुलीची चाचणी घेऊन प्रवेश ठरवणंही या कायद्याला मान्य नाही.

नाशिक सोडण्याआधी ऑफिसात उभी राहूनच दाखला वाच. नाव, आईचं नाव, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात, सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळतंय का बघ. यू-डायसमधला तिचा विद्यार्थी क्रमांकही लिहून घे, नवी शाळा त्यावरूनच तिची नोंद ओढून घेते. चूक सापडली तर तिथल्या तिथं दुरुस्त करून घे. एकदा सामान नगरला उतरलं की त्यासाठी पुन्हा नाशिक गाठावं लागेल.