एलईडीचा रेझिस्टर: एक रुपयाचा भाग आणि तीनशेचं बोर्ड

पाण्याची टाकी भरली की दिवा लागावा आणि मोबाइलवर निरोप यावा, असं यंत्र आता गावोगावची मुलं घरीच जोडतात. त्यातला रेझिस्टर एक-दोन रुपयांचा, लाल एलईडी दोन ते पाच रुपयांची. ईएसपी८२६६ चिपचं वाय-फाय बोर्ड मात्र साधारण दोनशे ते साडेतीनशे रुपयांना पडतं. आमच्या मिठबाव गावात ते मिळत नाही. कुणी कणकवली-कुडाळला जाणारा असेल तर त्याला सांगायचं, नाहीतर कुरिअरने मागवायचं, म्हणजे वर साठ ते शंभर रुपये आणि चार-पाच दिवसांची वाट. त्यामुळे रेझिस्टरचा हिशोब तपासून घेण्यातला फायदा एलईडी वाचवण्यात नाही, बोर्डाची पिन वाचवण्यात आहे.

शेजारच्या वाडीतल्या दहावीच्या मुलाने असंच टाकीचं यंत्र केलं आणि वही घेऊन आला. "काका, हिशोब बरोबर आसा ना?" त्याने लिहिलं होतं: पिनवर ३.३ व्होल्ट येतात, लाल एलईडी स्वतःकडे साधारण २ व्होल्ट ठेवते, उरले १.३ व्होल्ट. एलईडीला २० मिलिअँपिअर द्यायचे, म्हणून १.३ भागिले ०.०२० बरोबर ६५ ओहम. बाजारात ६५चा मिळत नाही, त्याच्या जवळचा ६८.

ओहमच्या नियमाप्रमाणे यात चूक नाही. पुष्कळ जण एलईडीचे व्होल्ट वजाच करत नाहीत, ते याने केले होते. मिलिअँपिअरचे अँपिअरही नीट केले होते. (ही दशांशाची कटकट नको असेल तर व्होल्टला सरळ मिलिअँपिअरने भागावं, उत्तर किलोओहममध्ये येतं. १.३ भागिले २० म्हणजे ०.०६५ किलोओहम, तेच ६५ ओहम.) चूक होती ती २० या आकड्यात. तो त्याने एलईडीच्या माहितीपत्रकातून घेतला होता. साध्या ५ मिलिमीटर एलईडीला सतत २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह चालतो, एवढाच त्याचा अर्थ. तेवढा दिलाच पाहिजे असं नाही. आणि या चिपच्या एका पिनची मर्यादा आहे १२ मिलिअँपिअर. ६८ ओहम लावला तर हिशोबाने १९ मिलिअँपिअर मागितले जातात.

म्हणून तपासणी नेहमी उलट्या बाजूने करावी. हातातला रेझिस्टर धरून प्रवाह काढायचा आणि तो एलईडीच्या नव्हे, पिनच्या मर्यादेशी ताडून पाहायचा. आर्डुइनो ऊनोच्या चिपला एका पिनवर ४० मिलिअँपिअर ही टोकाची मर्यादा आहे आणि २०च्या आत राहणं शहाणपणाचं. तिथे पिनवर ५ व्होल्ट असतात, त्यामुळे लाल एलईडीला २२० ओहम लावला की ३ भागिले २२०, म्हणजे साडेतेरा मिलिअँपिअर होतात. ऊनोवर हे निभावतं. दुसऱ्या बोर्डावर जाताना मात्र हिशोब नव्याने मांडावा लागतो.

घरात बघायच्या दिव्याला ५ मिलिअँपिअर भरपूर होतात. आजच्या एलईडी तेवढ्यात नीट दिसतात. १.३ भागिले ५ म्हणजे ०.२६ किलोओहम, २६० ओहम. जवळचा मिळणारा २७०, त्याने ४.८ मिलिअँपिअर वाहतील. दिवा ओट्यावर, भर उन्हात बघायचा असेल तर १५० ओहमपर्यंत उतरायला हरकत नाही, तिथे पावणेनऊच्या आसपास येतात. हिशोबाचं उत्तर दोन मिळणाऱ्या किमतींच्या मध्ये पडलं तर मोठी घ्यावी. दिवा किंचित मंद होतो, नुकसान काही नाही. या दिव्यासाठी अर्ध्या किंवा एक वॉटचा रेझिस्टर कुणी सुचवला तर घेऊ नका. इथे रेझिस्टरवर एका वॉटचा पन्नासावा भागही खर्च होत नाही, पाव वॉटचा पुरून उरतो.

पांढरी किंवा निळी एलईडी ३.३ व्होल्टच्या पिनवर लावायचा मोह टाळावा. ती स्वतःच ३ ते ३.२ व्होल्ट घेते. रेझिस्टरला उरतो ०.१ ते ०.३ व्होल्ट, आणि एकाच पाकिटातल्या दोन एलईडींमध्ये तेवढा फरक सहज असतो. अशा वेळी कागदावरचं उत्तर कितीही सुबक आलं तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी. साधा डिजिटल मल्टिमीटर दोनशे-तीनशे रुपयांना येतो आणि तो घ्यावाच. रेझिस्टर बसवण्याआधी ओहमच्या रेंजवर मोजा. २७०चे पट्टे लाल, जांभळा, तपकिरी. २७चे लाल, जांभळा, काळा. पिवळ्या बल्बखाली तपकिरी आणि काळा सारखेच दिसतात, आणि २७ ओहमला हिशोबाने ४८ मिलिअँपिअर होतात. शेवटचा सोनेरी पट्टा म्हणजे पाच टक्के कमी-जास्त, त्यामुळे २५७ ते २८३ काहीही दिसलं तरी माल ठीक आहे.

मग पिन सतत चालू ठेवा, कारण लुकलुकत्या दिव्यावर मीटरचा आकडा ठरत नाही:

```
void setup() {
  pinMode(D1, OUTPUT);
  digitalWrite(D1, HIGH);
}
void loop() {}
```

मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची टोकं रेझिस्टरच्या दोन पायांना लावा. आलेल्या व्होल्टला रेझिस्टरच्या किमतीने भागलं की खरा प्रवाह कळतो. सर्किट कुठे तोडावं लागत नाही. अँपिअरच्या रेंजवर मात्र टोकं अशी लावू नयेत. तिथे मीटर जवळजवळ सरळ तारेसारखा असतो, रेझिस्टर वगळला जातो आणि सगळा भार पिनवर येतो.

त्या मुलाच्या ६८ ओहमवर १.०५ व्होल्ट दिसले, म्हणजे साधारण साडेपंधरा मिलिअँपिअर. हिशोबाच्या १९पेक्षा कमी, कारण जास्त ओढ पडली की पिनचा व्होल्टेज खाली बसतो. दिवा झकास लागला होता आणि म्हणूनच चूक दिसत नव्हती. पिन लगेच जळत नाही, मर्यादेबाहेर राबत राहते. २७० लावल्यावर १.३ व्होल्ट दिसले, हिशोबाशी जुळणारे.

दिवा फारच मंद असला तर रेझिस्टर लहान करायची घाई करू नका. ऊनोवर `pinMode` ची ओळ विसरली तर चिपच्या आतला २० ते ५० किलोओहमचा रेझिस्टर वाटेत येतो आणि एलईडी मिणमिणते. रेझिस्टरवर व्होल्टचे काही शतांशच दिसले तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधा. मिठबावच्या खाऱ्या हवेत एलईडीचे पाय लवकर गंजतात, तेव्हाही आकडा महिन्यागणिक उतरत जातो. तिथे सांधा घासून पुन्हा डाग द्यावा.

सुटे दोन रेझिस्टर मागवले तर कुरिअरच महाग पडतं. निरनिराळ्या किमतींचं पाचसहाशे नगांचं पाकीट अडीचशे ते चारशेला येतं. एवढं नको असेल तर २७०, ३३० आणि १ किलोओहमचे दहा-दहा, जोडीला दहा लाल एलईडी असं शंभराच्या आसपास बसतं. ते बोर्डाबरोबर एकाच पार्सलात मागवावं आणि पाकीट हवाबंद डब्यात ठेवावं.