कांदा कुठे विकायचा? आधी ‘सर्वसाधारण दर’ बघा

कांद्याची ट्रॉली भरण्याआधी मोबाइलवर बाजारभाव सगळेच बघतात, पण नजर नेमकी कमाल दरावर जाते. तो दर एखाद-दुसऱ्या निवडक, एकसारख्या, कडक सालीच्या मालाला मिळालेला असतो. किमान दर बहुतेक वेळा गोलटी किंवा खराब मालाचा. ज्या भावाने त्या दिवशी सर्वाधिक माल गेला, तो सर्वसाधारण दर. हिशेब त्याच्यावरच मांडा.

कृषी पणन मंडळ आणि ‘अ‍ॅगमार्कनेट’ हे भाव फुकट दाखवतात. आकडा वाचण्याआधी तारीख बघा; बाजार बंद असला तर जुनाच भाव समोर येतो. लाल आणि उन्हाळी कांद्याच्या ओळी वेगळ्या असतात, आपल्या मालाचीच ओळ धरा. कांद्याचा भाव क्विंटलचा असतो, मेथी-कोथिंबिरीचा मात्र अनेक ठिकाणी नगावर.

आवकही वाचा. आवक मोजकी आणि तिन्ही दर एकच असतील, तर तो एखाद्याच सौद्याचा भाव असू शकतो. सर्वसाधारण दर रोज किमान-कमालच्या बरोबर मध्यावर येत असेल, तर कुणीतरी नुसती सरासरी भरत असल्याची शंका घ्यावी. अशा बाजार समितीचा भाव ओळखीच्या शेतकऱ्याला फोन करून पडताळून घ्या.

आता खर्च. समजा, तुमच्याकडे २० क्विंटल कांदा आहे. जवळच्या बाजारात सर्वसाधारण दर १,५०० रुपये, लांबच्या बाजारात १,७०० (तिथला कमाल दर २,१००, म्हणून मोह होतो). जवळ विकला तर ३०,००० येतील. भाडे १,२०० आणि हमाली-तोलाई ३०० वजा जाता हातात २८,५००. लांब नेला तर ३४,००० येतील, पण भाडे ५,००० आणि हमाली-तोलाई ७०० गेल्यावर उरतात २८,३००. क्विंटलमागे २०० रुपये जास्त मिळूनही २०० रुपयांचा तोटा, शिवाय वाटेतली घट आणि एक दिवस वेगळाच. हे आकडे नमुन्याचे आहेत; तुमचे भाडे गाडीवाल्याला विचारूनच घाला. सोपा मार्ग असा: लांबच्या बाजाराचा वाढीव खर्च क्विंटलांनी भागा. इथे ४,२०० भागिले २०, म्हणजे २१०. दोन्ही सर्वसाधारण दरांतला फरक याहून बऱ्यापैकी जास्त असेल तरच गाडी तिकडे वळवा, आणि तो फरक सलग तीन-चार दिवस टिकलेला हवा. एका दिवसाच्या उसळीवर निघालात, तर तुमच्यासारखेच अनेक जण दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचतात आणि आवक वाढून भाव खाली येतो.

मालाची प्रतवारी घरीच करा. गोलटी मिसळलेली ट्रॉली सर्वसाधारण दराच्या खाली जाते. मग मोबाइलवरचा आकडा तुमच्या मालाचा राहतच नाही.

लिलावात बोली सर्वसाधारण दरापेक्षा बरीच कमी आली, तर कारण विचारा. पटले नाही तर सौदा नाकारा. विक्रीनंतर हिशेबपट्टीवर वजन, दर आणि प्रत्येक कपात तपासा. महाराष्ट्रात २०१६ पासून फळे-भाजीपाल्याची अडत खरेदीदाराने द्यायची आहे. कांद्याच्या पट्टीत ती तुमच्या नावावर कापलेली दिसली, तर पट्टी घेऊन त्याच दिवशी बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या.