सात लघुत्तरी प्रश्न : एक नमुना

लघुत्तरी प्रश्नात परस्परांशी संबंध नसलेले सात उपप्रश्न एकत्र येतात. येथे प्रत्येक उत्तर स्वतंत्र असते. त्यामुळे प्रश्नपत्रिकेतील क्रमांक जसाच्या तसा लिहावा आणि 'वरीलप्रमाणे' असा उल्लेख टाळावा. उत्तर प्रथम एका वाक्यात द्यावे. त्यानंतर आवश्यक तेवढाच आधार द्यावा. पुढील संच पाहा.

(१) स्वनिम म्हणजे काय?
उत्तर : भाषेत अर्थभेद घडवणारा लघुतम ध्वनिघटक म्हणजे स्वनिम. उदा. 'काळ' व 'गाळ' यांतील क् आणि ग्.

(२) 'लीळाचरित्रा'चे संकलन कोणी केले?
उत्तर : म्हाइंभटांनी.

(३) 'रामाने आंबा खाल्ला' यातील प्रयोग ओळखा व कारण द्या.
उत्तर : कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्मानुसार बदलते : 'रामाने चिंच खाल्ली'.

(४) मराठी कोणत्या भाषाकुलातील आहे?
उत्तर : इंडो-युरोपीय कुलातील, इंडो-आर्य शाखेतील.

(५) 'घोडा' या नामाचे एकवचनी सामान्यरूप लिहा.
उत्तर : घोड्या- (घोड्याला, घोड्याने).

(६) 'नीलकंठ' (शंकर) या शब्दाचा समास ओळखा.
उत्तर : बहुव्रीही, निळा आहे कंठ ज्याचा तो.

(७) 'आम्ही' व 'आपण' यांच्या बहुवचनी अर्थांत फरक काय?
उत्तर : 'आपण'मध्ये श्रोत्याचा समावेश होतो, 'आम्ही'मध्ये होत नाही. 'आम्ही निघतो' आणि 'आपण निघू' ही वाक्ये ताडून पाहावीत.

उत्तरांची लांबी समान नाही, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या प्रश्नात केवळ नाव विचारले आहे. तेथे चक्रधरांचे चरित्र लिहिल्यास मूळ उत्तर झाकले जाते. शिवाय चरित्रनायक आणि संकलक यांची गल्लतही होते.

तिसऱ्या प्रश्नात मात्र कारण मागितले आहे. 'कर्त्याला तृतीया आहे, म्हणून कर्मणी' हे कारण अपुरे आहे. कारण 'रामाने रावणास मारले' येथेही कर्ता तृतीयेतच आहे, पण प्रयोग भावे आहे. म्हणून कर्माचे लिंग बदलून पाहावे. 'आंबा' ऐवजी 'चिंच' घेताच 'खाल्ला'चे 'खाल्ली' होते. याउलट 'रामाने राक्षसिणीस मारले' असे म्हटले तरी 'मारले' तसेच राहते. ही कसोटी एका ओळीत मावते आणि दोन्ही प्रयोगांतील भेद सिद्ध करते.

लेखन संपल्यावर प्रत्येक उत्तर शेजारच्या उत्तरांवर हात ठेवून वाचावे. क्रमांक व प्रश्न एवढ्यावरच ते समजले, तर ते पूर्ण आहे. 'तो', 'हे', 'त्यामुळे' यांचा संदर्भ मागील उत्तरात शोधावा लागला, तर तेथे मूळ संज्ञा पुन्हा लिहावी.

स्वयं-अध्ययनासाठी : 'आईने मुलांना बोलावले' यातील प्रयोग ओळखा व एका ओळीत कारण द्या.