उभ्या चौकटीतला चौरस

दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये अल्मास नावाची इमारत आहे. अरबीत अल्मास म्हणजे हिरा. सुमारे ३६० मीटर उंचीची ही इमारत तळ्यातल्या बेटावर उभी आहे. शाळेतल्या कंपासपेटीतला कोनमापक, एक दोरा आणि एक नट घेऊन हिची उंची मोजता येते. इमारतीचे टोक ४५ अंशांच्या कोनात दिसेपर्यंत मागे सरकत जायचे. तिथून इमारतीच्या पायापर्यंतचे अंतर आणि इमारतीची उंची जवळजवळ सारखी असते, फक्त त्यात आपल्या डोळ्यांची उंची मिळवायची. अंतर फोनवरच्या नकाशात मोजता येते.

मी यावर ४० सेकंदांचा उभा व्हिडिओ केला. पुण्याहून मावसबहिणीचा मेसेज आला, "छान झालाय रे, पण कोन किती होता ते कळलंच नाही." कोनाचा आकडा मी ठळक अक्षरांत खाली लिहिला होता. तिच्या फोनवर नेमका त्याच जागी माझ्या नावाचा आणि मजकुराचा पट्टा आला होता. संपूर्ण प्रयोग ज्या आकड्यावर उभा, तोच झाकला गेला! तेव्हा कागदपेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागले, ते तुमच्यासाठी.

आपल्या हाती किती जागा?

उभा व्हिडिओ साधारणपणे १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० पिक्सेल उंच असतो. पण त्यावर ॲपची स्वतःची चिन्हे येतात: उजवीकडे लाइक आणि शेअरची बटणे, खाली नाव, मजकूर आणि गाण्याचे नाव, वर शोध किंवा मागे जाण्याची खूण. रील्सवर जाहिरात करणाऱ्यांना मेटा कंपनीचा सल्ला असा, की वरून सुमारे १४ टक्के, खालून ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंनी ६-६ टक्के जागेत महत्त्वाचे काही ठेवू नये. जाहिरातीत खाली एक बटण जास्त असते, त्यामुळे साध्या रीलला थोडी अधिक जागा मिळते. पण लांब मजकूर लिहिलात तर तीही जाते. म्हणून मी हेच आकडे धरतो.

आता वजाबाकी करा. उंचीतून २६९ आणि ६७२ पिक्सेल गेले, रुंदीतून दोन्ही बाजूंचे ६५-६५. उरले सुमारे ९५० गुणिले ९८०. म्हणजे चौकट उभी असली, तरी लिहायला आणि दाखवायला मिळतो तो जवळजवळ चौरस! शिवाय हा चौरस चौकटीच्या मध्यावर नाही, थोडा वर सरकलेला आहे. त्याचे केंद्र वरून सुमारे ४० टक्क्यांवर येते. बोलणाऱ्याचा चेहरा, कोनमापक, आकडा हे सगळे त्या केंद्राभोवती हवे. बाहेरच्या जागेत आकाश, पाणी, रस्ता असे काहीही चालेल. ते झाकले गेले तरी बिघडत नाही.

देवनागरीसाठी एक जादा काळजी घ्यावी लागते. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. ओळी जवळजवळ ठेवल्या की वरचा उकार खालच्या मात्रेत शिरतो. अक्षर सुमारे ७५ पिक्सेलचे ठेवा. फोनच्या पडद्यावर ते साधारण ५ मिलिमीटरचे दिसते. दोन ओळींतले अंतर अक्षराच्या दीडपट धरा आणि एका वेळी दोनच ओळी लिहा.

मग ३६० मीटर बसवायचे कुठे?

आपण टॉवरच्या पायथ्याशी जाऊन फोन वर वळवतो. मग उभ्या रेषा वरच्या बाजूला जवळ येतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसते. उंची मोजण्याच्या व्हिडिओत हे चालणार नाही, कारण प्रेक्षकाला काटकोन दिसला पाहिजे. फोन अगदी सरळ उभा धरला, तर रेषा समांतर राहतात आणि क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्ये येते. वरचे १४ टक्के सोडले, तर टॉवरसाठी मध्यरेषेच्या वर चौकटीचा ३६ टक्के भाग उरतो.

फोनच्या नेहमीच्या लेन्सने (२६ मिलिमीटरच्या आसपासच्या) एवढ्या जागेत ३६० मीटर बसवायचे, तर सुमारे ७५० मीटर मागे जावे लागते. इथे इमारती इतक्या दाट आहेत की तेवढ्या अंतरावर मध्ये दुसरा टॉवर येतोच. ०.५ पट रुंद लेन्सने हेच अंतर सुमारे ३७५ मीटर होते. आणि ४५ अंशांचा कोन मिळतो तो ३६० मीटरवर! म्हणजे मोजायची जागा आणि चित्रीकरणाची जागा जवळपास एकच. हात स्थिर ठेवणारी सोय चालू असेल, तर फोन कडा थोड्या कापतो, म्हणून आणखी काही पावले मागे जा. खालच्या अर्ध्या भागात तळ्याचे पाणी आले तर उत्तमच, कारण ॲपचा पट्टा पाण्यावर पडतो.

चित्रीकरण करताना ये-जा करणाऱ्यांचे चेहरे टाळा. परवानगीशिवाय दुसऱ्याचे असे चित्रण करून त्याच्या खासगीपणाचा भंग करणे हा इथल्या कायद्याने गुन्हा आहे.

पहिली तीन सेकंदे

माझी पहिली सुरुवात अशी होती: "नमस्कार मंडळी, आज आपण जुमेरा लेक टॉवर्समधल्या सर्वांत उंच इमारतीची उंची साध्या कोनमापकाने कशी मोजायची ते पाहणार आहोत." व्याकरण ठीक आहे, पण मराठीत क्रियापद शेवटी येते. त्यामुळे मुद्दा कळेपर्यंत सहा-सात सेकंदे जातात. तेवढ्यात बोट वर सरकलेले असते. तीन सेकंदांत आपण साधारण सहा ते आठ शब्द बोलतो. म्हणून वाक्य तोडले: "हा टॉवर. हा कोनमापक. उंची सांगू?" पहिल्याच चित्रात हातातला कोनमापक आणि मागे टॉवर, दोन्ही चौरसात. अनेकजण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून हेच शब्द पडद्यावरही लिहिले, पहिल्या चित्रापासून. नमस्कार शेवटी केला.

इथे एक मोह आवरावा लागतो. "अचूक उंची मोजा" असे लिहिले, तर अधिक लोक थांबतीलही. पण दोऱ्याच्या कोनमापकाने १ अंश चुकला, तर ४५ अंशांपाशी उंचीत सुमारे १२-१३ मीटरचा फरक पडतो, म्हणजे तीन-चार मजले! म्हणून मी "अंदाजे" हा शब्द पहिल्या सेकंदापासून ठेवला आणि ही चूक व्हिडिओतच मोजून दाखवली.

जमले की नाही, कसे कळणार?

नुसते व्ह्यू मोजून नाही. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर व्हिडिओ सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, कोणी किती वेळ पाहिला याची अट नाही. त्याऐवजी यूट्यूब स्टुडिओत किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवला, हे प्रमाण बघा. खाली, कोणत्या सेकंदाला किती जण उरले, याचा आलेख असतो. तो सुरुवातीलाच कोसळला, तर दोष पहिल्या वाक्यात किंवा पहिल्या चित्रात. मध्येच एका जागी खचला, तर तिथे थांबून पडदा पाहा. बऱ्याचदा तिथे काहीतरी झाकलेले सापडते.

प्रकाशित करण्यापूर्वीची तपासणी सोपी आहे. व्हिडिओ मसुदा म्हणून फोनवर उघडा, मजकूर पूर्ण लांबीचा लिहा आणि आवाज बंद करून पाहा. मग फोन घरातल्या कोणाला तरी द्या आणि एकच प्रश्न विचारा: "कोन किती होता?"